सभासद यादीतलं पूर्ण नाव तीन कॉलममध्ये तोडायचंय, फॉर्म्युला कुठे ना कुठे फसतोय

वारणाकाठ

मंडळी नमस्कार. आमच्या पतसंस्थेचं सॉफ्टवेअर बदलतंय आणि नव्या सॉफ्टवेअरवाल्यांनी सभासद यादी मागितलीये, त्यात पहिलं नाव, मधलं नाव, आडनाव असे तीन वेगळे कॉलम पाहिजेत आणि आडनाव रिकामं चालत नाही म्हणे. आमच्याकडे वर्षानुवर्षं एकच कॉलम, 'सभासदाचे नाव'. साधारण ३८०० ओळी, तीन शाखांच्या तीन फाइली एकाखाली एक चिकटवलेल्या. ऑफिसात एक्सेल २०१६ आहे, त्यामुळे यूट्यूबवर दाखवतात ती TEXTSPLIT वगैरे आमच्याकडे चालतच नाही, #NAME? येतं. नमुन्यादाखल थोड्या ओळी देतोय, खरी नावं बदललीयेत पण ठेवण तीच ठेवलीये:

```
सुनीता राजेंद्र पाटील
सौ. मंगल बाळासो चव्हाण
जगताप प्रकाश वसंत
संदीप मोहिते पाटील
दत्तात्रय उर्फ बाळासाहेब मारुती शिंदे
शेख इरफान शेख रशीद
लक्ष्मी बाई कोंडीबा माने
मारुती
```

हाताने करायचं म्हटलं तर दिवाळी उजाडेल. काही युक्ती?

खटपट्या

एवढं काय त्यात, पहिल्या ओळीत हाताने तोडून लिहा, खालच्या सेलमध्ये जाऊन Ctrl+E मारा, फ्लॅश फिल आपोआप भरतं. २०१६ ला आहे ते. मी आमच्या मंडळाची वर्गणीदारांची यादी अशीच दोन मिनिटांत केली.

वारणाकाठ

केलं होतं दादा. वरच्या पन्नासेक ओळी एकदम झकास आल्या म्हणून खूश झालो, नंतर खाली बघतो तर एका ठिकाणी आडनावाच्या जागी 'उर्फ' बसलंय. मग कशावर विश्वास ठेवायचा तेच कळेना.

सूत्रधार

फ्लॅश फिल हा अंदाज आहे, तुमचं उदाहरण बघून तो नमुना ओळखायचा प्रयत्न करतो आणि खाली नुसती अक्षरं टाकून जातो, मागे फॉर्म्युला उरत नाही. त्यामुळे कुठे चुकला हे शोधायला काही धागादोरा मिळत नाही. फॉर्म्युलाच घ्या. A मध्ये मूळ नाव, B मध्ये साफ केलेलं, C पहिलं, D मधलं, E शेवटचं:

```
B2: =TRIM(SUBSTITUTE(A2,UNICHAR(160)," "))
C2: =LEFT(B2,FIND(" ",B2&" ")-1)
E2: =TRIM(RIGHT(SUBSTITUTE(B2," ",REPT(" ",100)),100))
D2: =TRIM(MID(B2,LEN(C2)+1,LEN(B2)-LEN(C2)-LEN(E2)))
```

पहिला शब्द नाव, शेवटचा शब्द आडनाव, मधे जे काय उरेल ते मधलं नाव. शब्द दोन असोत की पाच, चालतं. B मधला 160 का, तर वेबवरून किंवा पीडीएफमधून चिकटवलेल्या नावांत एक वेगळी स्पेस येते, दिसते साध्या स्पेससारखीच पण TRIM तिला हात लावत नाही, आणि मग अख्खं नाव एकच शब्द समजलं जातं. हे चार कॉलम खालपर्यंत ओढा, विषय संपला.

अनुजा क.

सूत्रधार, फॉर्म्युले बरोबर आहेत, पण विषय संपला नाही, इथून सुरू होतो. वर दिलेल्या आठ ओळी यातून काढून बघा, काय येतं ते सांगते.

'मारुती' ला एकच शब्द, म्हणून C आणि E दोन्हीकडे 'मारुती' आणि D ला #VALUE!. ही ओळ स्वतःच ओरडून सांगतेय की मला बघा, म्हणजे तिची काळजी नाही. 'सौ. मंगल' मध्ये पहिलं नाव 'सौ.' येईल, C कॉलम सॉर्ट केलात की सगळ्या सौ. एका जागी सापडतील, तीही काळजी नाही. उर्फवाल्या ओळीत मधलं नाव 'उर्फ बाळासाहेब मारुती' असं लांबलचक येईल, लक्ष्मीबाईंचं 'बाई कोंडीबा' येईल, म्हणजे मधल्या कॉलममध्ये ज्यांना स्पेस आहे तेवढे फिल्टर केले की हे दोन्ही प्रकार हाताला लागतात.

खरी भानगड तीन शब्दांच्या ओळींची आहे. 'जगताप प्रकाश वसंत' मधून पहिलं नाव जगताप, मधलं प्रकाश, आडनाव वसंत. 'संदीप मोहिते पाटील' मधून मधलं नाव मोहिते, म्हणजे संदीपच्या वडिलांचं नाव मोहिते झालं. तिन्ही कॉलम भरलेले, कुठे एरर नाही, कुठे जास्तीचा शब्द नाही. शब्द मोजून तपासणाऱ्याला या दोन ओळी आणि सुनीता राजेंद्र पाटील यांत काडीचा फरक दिसणार नाही. लोक चार-पाच शब्दांच्या ओळींवर आठवडा घालवतात आणि तीन शब्दांच्या डोळे झाकून पास करतात, आणि नंतर पासबुकावर भलतंच छापून येतं ते बहुतेक याच पास केलेल्यांतलं असतं.

वारणाकाठ, आधी एक सांगा, 'जगताप प्रकाश वसंत' असं आडनाव आधी असलेल्या ओळी कुठल्या शाखेच्या?

वारणाकाठ

बघितलं ताई. जवळपास सगळ्या एकाच शाखेच्या. तिथले जुने क्लार्क शाळेतून रिटायर झालेले होते, त्यांनी जनरल रजिस्टरच्या सवयीने आडनाव आधी लिहिलंय. पण सगळ्याच नाहीत, त्यांच्यानंतर आलेल्या मुलीने नाव आधी लिहिलंय.

गुरुजी_निवृत्त

अहो ती सवय नाही, पद्धत आहे. दहावीच्या बोर्डाच्या सर्टिफिकेटवर आडनाव आधी, मग मुलाचं नाव, मग वडिलांचं असंच येतं. हजेरीही आडनावाच्या क्रमाने. आम्हाला तेच बरोबर वाटतं, तुमचं नवं सॉफ्टवेअर उलटं आहे 😄

मिली_अटलांटा

माझाही असाच प्रॉब्लेम आहे, इथेच विचारते. माझ्या पासपोर्टवर गिव्हन नेमच्या रकान्यात माझं आणि नवऱ्याचं नाव दोन्ही आहे आणि सरनेममध्ये आडनाव. इथे विमानाच्या तिकिटावर ती दोन्ही नावं जोडून एकच लांब शब्द येतो आणि लायसन्सवर मधल्या नावाचं नुसतं एक अक्षर. एका ठिकाणी क्लार्क म्हणाली तुमचं फर्स्ट नेम नक्की कुठलं. एक्सेलने याचं काही होईल का?

खटपट्या

ताई एक्सेल पासपोर्ट बदलून देत नाही 😂

अनुजा क.

मिली, तुमचा प्रश्न वेगळा आहे पण मूळ तेच. पासपोर्टला दोनच रकाने आहेत, त्यामुळे आपलं तीन भागांचं नाव पहिल्या रकान्यात दोन भाग कोंबून बसवावं लागतं, आणि पुढे जो तो आपल्या सोयीने ते तोडतो. तिकिटावर जोडून येतं ती एअरलाइनच्या सिस्टिमची रीत आहे, त्याने सहसा अडत नाही. बाकी वेगळा धागा काढा, इथे हरवून जाईल.

वारणाकाठ, शाखेचा कॉलम आहे ना अजून? नसेल तर आत्ताच घाला, सॉर्ट करायच्या आधी. कुठली ओळ कुठून आली हे एकदा हरवलं की परत मिळत नाही. आणि एक अनुक्रमांकही घाला.

आता युक्ती अशी. गावातली आडनावं मोजकी असतात आणि पुन्हा पुन्हा येतात. ज्या शाखेत नाव आधी लिहायची पद्धत पक्की आहे तिच्या ओळींमधून E कॉलम वेगळ्या शीटवर घ्या, Remove Duplicates मारा, आणि ती यादी एकदा डोळ्याखालून घाला. तीनचारशे आडनावं असतील, अर्ध्या तासाचं काम. त्या शीटला नाव द्या 'आडनाव'. मग मूळ शीटवर:

```
F2: =IF(COUNTIF('आडनाव'!A:A,C2)>0,"उलट?",
     IF(COUNTIF('आडनाव'!A:A,D2)>0,"जोड आडनाव?",""))
```

पहिला शब्द आडनावांच्या यादीत सापडला तर ओळ बहुधा उलटी आहे. मधला शब्द सापडला तर दोन शब्दांचं आडनाव असण्याची शक्यता. जगताप पहिल्यात अडकेल, मोहिते दुसऱ्यात. प्रश्नचिन्ह मुद्दाम ठेवलंय, ही खूण आहे, निकाल नाही. भास्कर हे नावही आहे आणि आडनावही, 'भास्कर विष्णू कदम' विनाकारण उलटे म्हणून सापडतील.

सूत्रधार

याच्यापेक्षा सोपं, वेगळी यादी कशाला? तोच शब्द अख्ख्या फाइलीत C मध्ये किती वेळा आणि E मध्ये किती वेळा येतो ते मोजायचं, E मध्ये जास्त असेल तर आडनाव. यादी तपासायची कटकटच नाही.

अनुजा क.

कल्पना चांगली आहे आणि फाइल बहुतांशी सरळ असेल तर चालते. पण इथे अख्खी एक शाखा उलटी आहे. एखादं आडनाव त्याच एका गावात जास्त असेल तर ते C मध्येच जास्त वेळा दिसेल आणि तुमचा फॉर्म्युला त्याला पहिलं नाव ठरवून मोकळा होईल, म्हणजे जिथे गरज आहे नेमकं तिथेच मत चुकीच्या बाजूला पडतं. म्हणून यादी खात्रीच्या ओळींवरूनच करायची.

वारणाकाठ

ताई लावलं. जबरदस्त आहे, उलटी शाखा बरीचशी पकडली गेली. पण एक विचित्र, ज्यांची दोनच शब्दांची नावं आहेत, म्हणजे नुसतं 'विमल साठे', त्या सगळ्यांपुढे 'जोड आडनाव?' येतंय. मधलं नावच नाही तर सापडतंय काय?

सूत्रधार

हे मला माहितीये. D रिकामा आहे म्हणजे COUNTIF रिकामे सेल मोजतोय, आणि A:A अख्खा कॉलम दिलाय त्यात खाली लाखो सेल रिकामे. दुसऱ्या IF मध्ये AND घाला:

```
IF(AND(D2<>"",COUNTIF('आडनाव'!A:A,D2)>0),"जोड आडनाव?","")
```

अनुजा क.

बरोबर, धन्यवाद. किंवा यादी आहे तेवढीच रेंज द्या.

निंबाळकरांची_सून

जोड आडनावांवर बोलते कारण घरचाच अनुभव. नाईक निंबाळकर. माझ्या सासऱ्यांच्या खात्यावर नुसतं निंबाळकर, दिरांच्या खात्यावर नाईक-निंबाळकर मधे डॅश घालून, आणि नवऱ्याच्या एका कार्डावर वडिलांचं नाव नाईक! मोहिते पाटील, माने देशमुख, राजे भोसले, सगळ्यांचं हेच. आणि माहेर-सासर दोन्ही लावणाऱ्या मुली वेगळ्याच, कोणी स्पेस देतं कोणी डॅश देतं. कुठला फॉर्म्युला ठरवणार की ते एक आडनाव की दोन?

अनुजा क.

कुठलाच नाही ठरवणार. फॉर्म्युलाने संशयित काढायचे आणि माणसाने ठरवायचं. त्यातही 'मोहिते' तुमच्या यादीत एकटं आडनाव म्हणून असेल तरच पकडलं जाईल, नाहीतर तेही निसटेल. म्हणून आणखी एक चाळणी लावायची, शेवटचा शब्द पाटील, देशमुख, भोसले, निंबाळकर असा असेल आणि ओळ तीन शब्दांची असेल तर मधला शब्द एकदा वाचून घ्यायचा. पाटील तुमच्याकडे शेकड्यांनी निघतील, पण D वर सॉर्ट करा, मग राजेंद्र, वसंत, शिवाजी असे गठ्ठे भराभर खाली जातात आणि आडनावासारखा दिसणारा शब्द लगेच खटकतो.

इरफान_परभणी

आमच्याबद्दल कोणी बोललंच नाही म्हणून मी लिहितो. 'शेख इरफान शेख रशीद' ही ओळ उलटी नाही आणि चुकीचीही नाही. मराठवाड्यात असंच लिहितात, शेख इरफान हा मुलगा, शेख रशीद हे वडील. तुमचा फॉर्म्युला शेख हे पहिलं नाव, 'इरफान शेख' मधलं आणि रशीद आडनाव करणार, आणि ताईंची खूण म्हणणार 'उलट?', मग कोणीतरी शहाणा पहिला शब्द उचलून शेवटी नेणार आणि 'इरफान शेख रशीद शेख' तयार होणार. सय्यद आणि खान यांचंही तेच. शिवाय अब्दुल रहमान हे एकच नाव आहे, नुसतं अब्दुल कोणाला हाक मारत नाहीत. माझ्या काकांच्या एका कागदावर फर्स्ट नेम अब्दुल, मिडल नेम रहमान झालंय आणि वडिलांचं नाव गायबच. आणि बायकांच्या नावामागे बी, बेगम असतं ते आडनाव समजतात.

वारणाकाठ

मग इरफानभाई तीन कॉलममध्ये भरायचं काय? सॉफ्टवेअरला आडनाव पाहिजेच.

इरफान_परभणी

मला विचाराल तर इरफान, रशीद, शेख. पण माझा भाऊ म्हणेल पहिलं नाव 'शेख इरफान' लिहा, कारण त्याच्या आधारवर तसं आहे. सभासदाला विचारा, दुसरा उपाय नाही.

अनुजा क.

इरफान, हा मुद्दा वर यायलाच हवा होता. आणि यातूनच पुढचं. तीन कॉलम कितीही नीट केलेत तरी मूळ कॉलम A जसाच्या तसा नव्या सॉफ्टवेअरमध्ये गेला पाहिजे, 'कागदपत्रांप्रमाणे पूर्ण नाव' म्हणून. आधारवर नाव एकाच ओळीत असतं, तिथे तीन रकाने नाहीत. तुमचं सॉफ्टवेअर पहिलं अधिक मधलं अधिक आडनाव जोडून 'इरफान रशीद शेख' छापणार आणि केवायसी तपासताना ते आधारशी जुळणार नाही. छपाई आणि जुळवणी मूळ नावावरून, शोधणं आणि यादी लावणं तीन कॉलमवरून. सॉफ्टवेअरवाल्यांना हे आत्ताच विचारा, असा रकाना त्यांच्याकडे आहे का.

खटपट्या

नांदेडला माझी सासुरवाडी, तिथे शीख मंडळी बरीच. हरप्रीत सिंग, आडनाव लावत नाहीत पुष्कळ जण. तिथे सिंग हे आडनाव धरायचं का नावाचा भाग?

अनुजा क.

तेही त्यांनाच विचारायचं. ज्यांच्या आधारवर सिंगच्या पुढे आडनाव आहे त्यांना सिंग नावाचा भाग, ज्यांच्या नाही त्यांना सॉफ्टवेअरच्या हट्टापायी आडनावात टाकावं लागेल. मला स्वतःला पटत नाही पण रिकामं चालत नाही म्हणता.

सूत्रधार

रिकाम्यासाठी सरळ टिंब टाका की, सगळे तेच करतात. 'मारुती .'

निंबाळकरांची_सून

आणि मग टिंब पासबुकावर, चेकबुकावर, आणि व्याजाच्या दाखल्यावर. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींचं झालंय तसं, आता बँकेवाले म्हणतात टिंब कुठल्या कागदावर आहे ते आणा.

सूत्रधार

मग काय टाकायचं सांगा, डॅश टाकला तरी तेच.

(यावर कोणाचं एकमत दिसत नाही, मीही रकाना सक्तीचा नसावा याच मताची. – अनुजा)

गुरुजी_निवृत्त

आता तर सरकारने आईचं नावही सक्तीचं केलंय, म्हणजे सगळ्यांचीच नावं चार शब्दांची होणार. तुमचे तीन कॉलम आत्ताच बाद.

अनुजा क.

सगळ्यांची नाही गुरुजी. तो निर्णय मार्च २०२४ चा, आणि १ मे २०२४ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांना लागू आहे. क्रम मुलाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. पण तुमचं म्हणणं अर्धं खरं आहे, कारण वारणाकाठच्या संस्थेत बालखाती असतील तर 'आर्या सुप्रिया महेश शिंदे' अशी नावं येणारच. वरच्या फॉर्म्युलात मधलं नाव 'सुप्रिया महेश' येईल, आणि ते बरोबरच आहे, फक्त कोणी त्याला 'जास्तीचा शब्द' म्हणून दुरुस्त करायला जाऊ नये. त्या ओळी जन्मतारखेवरून वेगळ्या काढता येतील.

वारणाकाठ

सौ., श्री. यांचं काय करू? Find Replace करून उडवून टाकू का सगळे?

अनुजा क.

थांबा! टिंबाशिवाय 'सौ' उडवलंत तर सौरभचा रभ होईल आणि 'श्री' उडवलंत तर श्रीकांतचा कांत, श्रीमतीची मती. टिंबासकट आणि ओळीच्या सुरुवातीचंच उडवायचं, आणि आधी श्रीमती, मग श्री. काही ठिकाणी 'सौ.मंगल' असं स्पेस न देता असेल, म्हणून पहिल्यांदा 'सौ.' च्या जागी 'सौ. ' करून घ्या, मग B मधला TRIM जादा स्पेस काढेल. आणि उडवायचं म्हणजे फेकायचं नाही, वेगळ्या कॉलमात ठेवायचं. 'सौ.' वरून कळतं की मधलं नाव नवऱ्याचं आहे, आणि 'कै.' तर अजिबात पुसू नका, तो सभासद हयात नाही हे सांगणारी तुमच्याकडे तेवढी एकच खूण असेल कदाचित.

वारणाकाठ

अरे हो, कै. आहेत पंधरावीस. वारस नोंदीचं काम बाकी आहे त्यांचं. बरं झालं सांगितलंत.

आणखी एक, 'गोऱ्हे' आडनाव यादीत दोनदा येतंय, Remove Duplicates मारूनही. डोळ्यांना एकदम सारखं दिसतं.

सूत्रधार

शेवटी स्पेस असेल.

वारणाकाठ

नाही, TRIM केलंय.

अनुजा क.

LEN काढा दोन्हींची. एकीकडे ६ आणि दुसरीकडे ७ आली तर टायपिंगचा फरक आहे. तो अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो, एकात ऱ हे वेगळं अक्षर असतं, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि मधे न दिसणारं जोडचिन्ह. कुऱ्हाडेंचंही होईल. हे घाला:

```
=SUBSTITUTE(B2,"र्"&UNICHAR(8205),"ऱ्")
```

नुसतं न दिसणारं चिन्ह पुसून टाकू नका, इंटरनेटवर तसा सल्ला देतात. पुसलंत तर त्या र चा रफार होऊन पुढच्या ह वर चढेल आणि आडनावच बदलेल.

वारणाकाठ

६ आणि ७ च आलं!! 🙏

तर आत्ताची परिस्थिती. खूण लागलेल्या आणि मधल्या नावात स्पेस असलेल्या ओळी मिळून चारशेच्या आसपास उरल्यात, त्या शाखेनुसार प्रिंट काढून शाखाधिकाऱ्यांकडे पाठवतोय, सभासद पुढच्या वेळी आला की आधार बघून भरायचं. पासबुकला छापायला मूळ नावाचा रकाना आहे का विचारलं तर सॉफ्टवेअरवाला म्हणतो 'रिमार्क' मध्ये टाका. रिमार्कवरून छपाई होते का विचारलं तर उद्या सांगतो म्हणाला.

निंबाळकरांची_सून

लेखी घ्या त्याच्याकडून.

इरफान_परभणी

आणि रिमार्कला किती अक्षरं चालतात तेही विचारा. आमच्या सोसायटीत तीसच्या पुढचं कापलं जायचं, उर्फवाल्यांचं आडनावच गेलं त्यात.